किल्ली नसलेला मालक

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नावाचा पहिला टॅब्लेट बाजारात आणला. नाव सरफेस, त्यात विंडोज आरटी. मॅग्नेशियमचे कवच, मागे उघडणारा आधार, १०.६ इंचांचा पडदा, २ जीबी रॅम आणि एनव्हिडियाची टेग्रा ३ चिप. कीबोर्डाशिवाय किंमत ४९९ डॉलर. त्या काळच्या आयपॅडकडे नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे होती, ती म्हणजे नेहमीच्या आकाराचे यूएसबी पोर्ट. त्यात पेनड्राइव्ह लागायचा, माउस चालायचा. त्यामुळे अनेकांनी त्याला छोटा संगणकच मानले, आणि संगणकात जे करता येते ते यातही करता येईल असे गृहीत धरले. नावडते विंडोज काढावे, लिनक्स टाकावे, झाले काम.

ते काम झाले नाही. टॅब्लेट बनवतानाच त्याच्या फर्मवेअरमध्ये एक कुलूप बसवलेले होते आणि ते काढण्याची सोय मालकाला मुद्दाम दिलेली नव्हती. या कुलपाला सिक्युअर बूट म्हणतात. आज बाजारात मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये ते असते, पण बहुतेक ठिकाणी मालकाला ते उघडता येते. सरफेस आरटीमध्ये येत नव्हते. एकच कुलूप दोन यंत्रांत दोन तऱ्हेने का वागते, याचे उत्तर या टॅब्लेटच्या गोष्टीत नीट सापडते.

आधी कुलूप कशासाठी, ते पाहू. पॉवरचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागे होते ते मदरबोर्डावरच्या चिपमधले फर्मवेअर. आजच्या संगणकात ते युईएफआय प्रकारचे असते. ते डिस्कवरचा बूटलोडर शोधते, बूटलोडर कर्नल उचलतो, कर्नल बाकीची यंत्रणा उभी करतो आणि मग कुठे अँटिव्हायरसची पाळी येते. म्हणजे एखादा व्हायरस थेट बूटलोडरच्या जागी जाऊन बसला, तर अँटिव्हायरस जागा होण्याआधीच घर त्याच्या ताब्यात गेलेले असते. ही काल्पनिक भीती नव्हे. २०१०-११ च्या सुमारास पसरलेला टीडीएल४ हा व्हायरस नेमका याच जागी ठाण मांडायचा आणि ६४ बिटी विंडोजची ड्रायव्हर तपासणी निकामी करून टाकायचा.

सिक्युअर बूटचा उपाय साधा आहे. बूटलोडरवर डिजिटल सही असते. फर्मवेअरमध्ये दोन याद्या असतात, एक विश्वासाच्या सह्यांची आणि दुसरी मनाई केलेल्यांची. सही पहिल्या यादीशी जुळली आणि दुसरीत नाव नसले, तरच फाइल चालते. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार वही पाहून माणूस आत सोडतो, तसेच. या वहीत नोंद कोणी करायची, हे वेगळ्या किल्ल्यांवर ठरते. सर्वांत वरची किल्ली यंत्र बनवणाऱ्या कंपनीची. तिच्याखालची, याद्या बदलण्याची किल्ली विंडोजच्या यंत्रांत सहसा मायक्रोसॉफ्टकडे असते. इथपर्यंत भांडण नाही. वही असावी याबद्दल लिनक्सवाल्यांचाही फारसा आक्षेप नव्हता. घराच्या मालकाला वहीत नाव लिहिता येते की नाही, एवढाच वादाचा मुद्दा.

हा मुद्दा सप्टेंबर २०११ मध्ये पेटला. रेड हॅट कंपनीत काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी जाहीरपणे विचारले: विंडोज ८ चा लोगो लावायचा तर यंत्रात सिक्युअर बूट चालू असलेच पाहिजे, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. मग ज्या यंत्रात ते बंद करण्याची सोय नसेल आणि किल्ल्याही फक्त मायक्रोसॉफ्टच्या असतील, त्यावर लिनक्स कसे चालणार? मायक्रोसॉफ्टने उत्तर दिले की बंद करण्याची सोय ठेवायची की नाही, हा यंत्र बनवणाऱ्यांचा प्रश्न आहे. या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही. मग त्या वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर प्रमाणपत्राच्या नियमांतच याचा निकाल लागला.

हे नियम वाचताना एक गंमत दिसते. एकाच दस्तऐवजात, जवळजवळ शेजारी शेजारी, दोन उलट आज्ञा आहेत. इंटेल आणि एएमडीच्या चिपवर चालणाऱ्या संगणकांसाठी नियम असा, की यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करता आलेच पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्याही घालता आल्या पाहिजेत. फक्त एखाद्या प्रोग्रॅमला ते परस्पर बंद करता येऊ नये. एआरएम चिपच्या यंत्रांसाठी नियम असा, की सिक्युअर बूट बंद करता येताच कामा नये आणि मालकाच्या किल्ल्यांनाही मज्जाव. सरफेस आरटीतली टेग्रा ३ ही एआरएम चिप होती.

पहिल्या आज्ञेमुळे इंटेलच्या लॅपटॉपवर लिनक्सला तीन वाटा मिळाल्या. सिक्युअर बूट बंद करणे ही पहिली. दुसरी, मायक्रोसॉफ्टकडून सही घेणे. गॅरेट आणि फेडोराच्या मंडळींनी त्यासाठी ‘शिम’ नावाचा छोटासा बूटलोडर तयार केला. तो स्वतः फार काही करत नाही, पुढच्या बूटलोडरची सही आपल्याजवळच्या किल्लीने तपासतो आणि त्याला वाट देतो. सही करून घेण्यासाठीची एकदाची फी ९९ डॉलर होती आणि तीही मायक्रोसॉफ्टला नव्हे, व्हेरिसाइन या ओळख पटवणाऱ्या कंपनीला जात होती. उबुंटू किंवा फेडोराचा पेनड्राइव्ह आज कोणत्याही सेटिंगला हात न लावता सुरू होतो, तो या शिममुळे. तिसरी वाट सर्वांत कष्टाची: फर्मवेअरमधल्या किल्ल्या पुसून स्वतःच्या घालायच्या आणि आपणच सही केलेली यंत्रणा चालवायची.

सरफेस आरटीवर या तिन्ही वाटा बंद. एखाद्याने प्रयत्न केला तर काय व्हायचे, ते पायरी-पायरीने पाहण्यासारखे आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करायचा. त्यात एआरएमसाठीचा बूटलोडर ठरलेल्या नावाने ठरलेल्या जागी ठेवायचा:

```
\EFI\BOOT\BOOTARM.EFI
```

टॅब्लेट बंद करून, आवाज कमी करायचे बटण दाबून ठेवत पॉवर दाबायचे. फर्मवेअर पेनड्राइव्ह पाहते, फाइल शोधते, सापडतेही. मग सही तपासते. आपल्या फाइलवर मायक्रोसॉफ्टची विंडोजसाठीची सही नसते, त्यामुळे फाइल नाकारली जाते. शिम घेऊन गेले तरी उपयोग नव्हता, कारण शिमवर ज्या सामायिक प्रमाणपत्राने सही होते त्याला आरटीच्या यंत्रांच्या यादीत जागाच दिलेली नव्हती. पोर्ट उघडे, बटण चालू, फाइलही वाचली जाते, आणि तरी वाट नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सही केलेला रिकव्हरीचा पेनड्राइव्ह मात्र याच पोर्टातून, याच बटणांनी सुरू होतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुलूप नसते तरी या टॅब्लेटवर लिनक्स दुसऱ्या दिवशी धावू लागले नसते. इंटेलच्या संगणकात कोणते भाग कुठे आहेत हे फर्मवेअर कर्नलला ठरलेल्या रीतीने सांगते. एआरएमच्या जगात तेव्हा ही शिस्त सैल होती. प्रत्येक यंत्रासाठी टचस्क्रीन कोणत्या तारेवर आहे, वायफायला वीज कुठून मिळते, याचे वर्णन कोणीतरी हाताने लिहावे लागे. पण असे काम हौशी मंडळी आनंदाने करतात. फक्त त्यांना सुरुवात करायला यंत्र उघडे मिळावे लागते.

मग मायक्रोसॉफ्टने असे का केले? मायक्रोसॉफ्टच्या बाजूने सुरक्षेचे कारण पुढे करता येते, पण ते टिकत नाही. यंत्रासमोर बसलेल्या माणसाने सेटिंगमध्ये जाऊन कुलूप उघडले तर धोका नाही, असे याच कंपनीने याच दस्तऐवजात इंटेलच्या यंत्रांबद्दल मान्य केले होते. चिपची जात बदलल्याने माणूस चोर होत नाही. खरे कारण बाजारात शोधावे लागते. इंटेलच्या संगणकांवर विंडोजची जवळपास मक्तेदारी होती, तिथे दुसऱ्यांची वाट अडवणे स्पर्धा आयोगांच्या डोळ्यांत आले असते. टॅब्लेटच्या बाजारात मायक्रोसॉफ्ट नवखी होती आणि समोर आयपॅड होता, जो पहिल्या दिवसापासून कुलूपबंदच होता. तिथे अडवणुकीचा आरोप करायला कोणाला फारसा आधार नव्हता.

कुलूप मजबूत होते, याची पावतीही लवकरच मिळाली. विंडोज आरटीवर नेहमीचे विंडोज प्रोग्रॅम चालत नसत, फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानातली ॲप्स आणि सोबत दिलेले ऑफिस चालायचे. जानेवारी २०१३ मध्ये एका संशोधकाने कर्नलच्या मेमरीतला एक आकडा बदलून ही बंदी मोडली. कोणत्या दर्जाची सही असलेला प्रोग्रॅम चालू द्यायचा, हे तो आकडा ठरवायचा. त्याची किंमत ८ होती, ती शून्य केली की बिनसहीचे प्रोग्रॅमही चालत. पण टॅब्लेट बंद करून चालू केला की आकडा पुन्हा ८. डिस्कवरची मूळ फाइल बदलावी, तर सिक्युअर बूट ती ओळखून यंत्रच सुरू होऊ देत नसे. म्हणजे ही मोडतोड दर वेळी नव्याने करायची.

बाजाराने मात्र या टॅब्लेटला कुलपापेक्षा कठोर वागणूक दिली. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटीच्या न विकलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरचे नुकसान हिशेबात दाखवले. विंडोज १० आले, पण आरटीच्या यंत्रांवर ते आलेच नाही. शेवटी १० जानेवारी २०२३ रोजी विंडोज आरटी ८.१ चा आधारही संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद, ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर ११, आणि त्यात आजच्या कित्येक साइट उघडत नाहीत. पडदा चांगला, बॅटरी अजून चालणारी, आधार तर कधी न मोडणारा. असा जुना इंटेल लॅपटॉप असता तर हलके लिनक्स टाकून घरातल्या मुलाला दिला असता.

पण आरटीच्या गोष्टीत एक वळण त्याआधीच येऊन गेले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये टोपणनावांनी वावरणाऱ्या दोन संशोधकांनी जाहीर केले की हे कुलूप मायक्रोसॉफ्टच्याच हातून उघडे राहिले आहे. वृत्तपत्रांनी त्याला ‘सोन्याची किल्ली’ म्हटले. खरे तर कोणतीही गुप्त किल्ली फुटली नव्हती. जे झाले ते जास्त रंजक होते.

विंडोजचा बूटलोडर सुरू होताना एक नियमपत्र वाचतो. काय चालू द्यायचे आणि काय नाही, हे त्यात लिहिलेले असते आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीसाठी कंपनीने एक नवा प्रकार काढला, पुरवणी नियमपत्र. पुरवणी एकटी वापरायची नसते, ती मुख्य नियमपत्राला जोडली जाते, म्हणून तिच्यात ती कोणत्या यंत्रासाठी आहे याची नोंद नसते. अशी एक पुरवणी अभियंत्यांच्या चाचण्यांसाठी होती. तिच्यात ‘कोणाचीही चाचणीची सही चालेल’ एवढीच मुभा होती. ही पुरवणी विकलेल्या यंत्रांमध्ये राहून गेली आणि संशोधकांच्या हाती लागली.

आता जुना बूटलोडर घ्या. त्याला पुरवणी हा प्रकारच ठाऊक नाही. तो सही पाहतो, सही मायक्रोसॉफ्टची आणि खरी. मग तो या पुरवणीलाच मुख्य नियमपत्र मानून बसतो. नियमपत्र म्हणते कोणाचीही सही चालेल, आणि बूटलोडर तसे वागतो. एका रेघेचेही खोटे दस्तऐवज न बनवता कुलूप उघडले.

मायक्रोसॉफ्टने जुलै आणि ऑगस्ट २०१६ मध्ये दोन दुरुस्त्या काढल्या, MS16-094 आणि MS16-100. पहिलीत ही पुरवणी अडवण्याचा प्रयत्न होता, दुसरीत काही जुने बूटलोडर मनाईच्या यादीत गेले. सगळे जुने बूटलोडर बाद करणे मात्र शक्य नव्हते, कारण तसे केले असते तर जगभरातल्या विंडोजच्या डीव्हीडी, रिकव्हरीचे विभाग आणि बॅकअप एका रात्रीत निकामी झाले असते. कंपनीचे म्हणणे असे होते की ही युक्ती फक्त एआरएम आणि आरटीच्या यंत्रांना लागू पडते आणि तिला यंत्र प्रत्यक्ष हातात असावे लागते. थोडक्यात, ही युक्ती वापरू शकणारा माणूस बहुतेक वेळा यंत्राचा मालकच होता.

इथे या धोरणाची विकृती उघडी पडते. सुरक्षेच्या उणिवेने सामान्यतः मालकाचे नुकसान होते आणि दुरुस्तीने फायदा. आरटीच्या मालकांपैकी ज्यांना दुसरी यंत्रणा टाकायची होती, त्यांच्यासाठी हे उलटे झाले. उणीव ही त्यांची आशा होती आणि दुरुस्ती हा अडथळा. सांगितल्याप्रमाणे वेळेवर अपडेट करणारा शहाणा मालक मागे पडला, अपडेट टाळणारा पुढे गेला. नंतरच्या वर्षांत टेग्रा चिपमधल्या आणखी एका कच्च्या दुव्याचा वापर करून आरटीच्या यंत्रांतले सिक्युअर बूट बंद करणारे साधन हौशी मंडळींनी तयार केले आणि सरफेस आरटीवर लिनक्स खरोखर चालू लागले. पण ती वाट चोरवाट आहे. सामान्य माणसाने मंगळवारी संध्याकाळी सहज करावे असे ते काम नव्हे.

एआरएम चिप म्हणजे कुलूप हवेच, असे मात्र अजिबात नाही. २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एआरएम चिपचे मॅक आणले. मालकाने रिकव्हरीत जाऊन, पासवर्ड देऊन सुरक्षेची पातळी खाली आणली तर बाहेरची यंत्रणा चालवायला ॲपल परवानगी देते, आणि त्याच दारातून असाही लिनक्स हा प्रकल्प मॅकवर पोचला. तीच कंपनी आयफोनला मात्र असे दार देत नाही. विंडोजच्याही एआरएम लॅपटॉपांत नंतर बदल झाला. लेनोवो योगा सी६३० सारख्या यंत्रांत सिक्युअर बूट बंद करता येते. तेव्हा २०१२ ची बंदी तांत्रिक अपरिहार्यता नव्हती, तो घेतलेला निर्णय होता.

बंद करण्याचा तो साधा पर्याय किती मोलाचा, हे ऑगस्ट २०२४ मध्ये लिनक्स आणि विंडोज एकत्र ठेवणाऱ्या पुष्कळांना कळले. १३ ऑगस्टच्या विंडोज अपडेटने जुने, सदोष शिम बाद करणारी नवी मर्यादा फर्मवेअरमध्ये लिहिली. हेतू योग्य होता. पण दोन यंत्रणा असलेल्या संगणकांना ती लावायची नव्हती आणि काही ठिकाणी ती ओळख चुकली. सकाळी लिनक्स सुरू करायला गेलेल्यांना पडद्यावर हे दिसले:

```
Verifying shim SBAT data failed: Security Policy Violation
Something has gone seriously wrong: SBAT self-check failed: Security Policy Violation
```

यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनेच सांगितला. फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स सुरू करा, टर्मिनलमध्ये पुढची आज्ञा देऊन ती मर्यादा पुसा, यंत्र पुन्हा सुरू करा आणि मग सिक्युअर बूट परत चालू करा.

```
sudo mokutil --set-sbat-policy delete
```

उपायाची पहिलीच पायरी पाहा. ज्या यंत्रात बंद करण्याचा पर्याय नाही, तिथे हा उपाय सुरूच होत नाही. कंपनीची चूक कंपनी दुरुस्त करेपर्यंत मालकाने हात बांधून बसायचे.

हे आज सांगण्याचे कारण असे, की इंटेलच्या संगणकांना मिळालेले संरक्षणही आता नियमाचे राहिलेले नाही. मार्च २०१५ मध्ये विंडोज १० साठीचे नियम समोर आले तेव्हा दिसले की बंद करण्याची सोय देणे बंधनकारक न राहता यंत्र बनवणाऱ्यांच्या मर्जीवर गेले आहे. बहुतेक कंपन्यांनी सोय ठेवली, कारण कंपन्यांना लॅपटॉप विकत घेणारे मोठे ग्राहक ती मागतात. पण दार थोडे थोडे लोटले जाते आहे. २०२२ मध्ये लेनोवोच्या एका नव्या थिंकपॅडमध्ये शिमचे सामायिक प्रमाणपत्र सुरुवातीला बंद ठेवलेले आढळले. सेटिंगमध्ये ते चालू करता येते, पण ज्याला हे माहीत नाही त्याला वाटणार की लिनक्सच बिघडलेले आहे.

उलट, प्रत्येक अडथळा हे कुलूप नसते, हेही ध्यानात ठेवावे. सेटिंगमध्ये सिक्युअर बूटची ओळ धूसर दिसली की लोक हार मानतात. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवला की ती ओळ उघडते. तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा, विसरला तर सेवा केंद्र गाठावे लागते. दुसरी खबरदारी बिटलॉकरची. विंडोजची डिस्क कूटबद्ध असेल तर सिक्युअर बूट बंद करताच पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. म्हणून ती आधीच काढून ठेवावी.

विंडोजमध्ये `msinfo32` चालवले की सध्या कुलूप चालू आहे की बंद, एवढे कळते. ते बंद करता येते की नाही, हे मात्र तिथे कळत नाही. त्यासाठी यंत्र सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून फर्मवेअरच्या सेटिंगमध्येच शिरावे लागते. म्हणून नवा किंवा जुना लॅपटॉप, टॅब्लेट घेताना दुकानदाराला दोन मिनिटे थांबवा, सेटिंग उघडायला लावा आणि सिक्युअर बूटची ओळ आपल्या हाताने बंद करून पुन्हा चालू करून पाहा. ती हलत नसेल आणि पासवर्ड ठेवूनही हलत नसेल, तर त्या यंत्राचे आयुष्य कंपनीच्या अपडेटइतकेच आहे असे धरून किंमत ठरवा.